मित्राची डिस्क, दुकानाची डिस्क : खेळांच्या उसनवारीबाबत कायदा काय सांगतो

नामांकित कंपनीच्या नव्या व्हिडिओ गेमची एक डिस्क आज भारतात चार ते पाच हजार रुपयांना मिळते. बहुतेक कुटुंबांसाठी ही रक्कम लहान नाही. त्यामुळे एका घरात आलेली डिस्क आठवडाभरात शेजारच्या घरी जाते, तिथून वर्गमित्राकडे आणि सुट्टी संपता संपता ती मूळ मालकाकडे परत येते. काही शहरांत अशा डिस्क दिवसाच्या किंवा आठवड्याच्या भाड्याने देणारे व्यावसायिकही आहेत. अनेक डिस्कच्या वेष्टनावर मात्र बारीक अक्षरांत एक सूचना छापलेली असते. भाड्याने देणे, उसने देणे, पुन्हा विकणे हे सारे तीत प्रतिबंधित म्हटलेले असते. ती वाचल्यावर पालकांच्या मनात प्रश्न उभा राहणे स्वाभाविक आहे. मुलाने मित्राला डिस्क दिली, तर तो गुन्हा ठरतो काय?

या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे. परंतु तीच डिस्क दुकानदाराने भाड्याने दिली, तर उत्तर बदलते आणि अनुदानित ग्रंथालयाने दिली, तर ते पुन्हा एकदा बदलते. डिस्क तीच, खेळ तोच, खेळणारा मुलगाही कदाचित तोच. भारतीय कायदा वस्तूकडे फारसे पाहत नाही. ती कोणाच्या हातून आणि कोणत्या हेतूने दिली जात आहे, हे तो पाहतो.

हे समजून घेण्यासाठी आधी वाचनालयाचे उदाहरण घेणे सोयीचे ठरेल. महाराष्ट्रातील कोणत्याही शहरात मासिक वर्गणी घेऊन कादंबऱ्या आणि दिवाळी अंक घरी वाचायला देणारी खासगी वाचनालये चालत आली आहेत. त्यांतील अनेक उघडउघड नफ्यासाठी चालतात. त्यासाठी लेखकाची किंवा प्रकाशकाची परवानगी कोणी घेत नाही आणि ती घ्यावीही लागत नाही. प्रताधिकार कायदा, १९५७, म्हणजेच कॉपीराइट कायदा, याच्या कलम १४ नुसार साहित्यकृतीच्या मालकाला तिच्या प्रती लोकांपर्यंत आणण्याचा हक्क असतो. मात्र हा हक्क आधीच वितरणात आलेल्या प्रतींना लागू होत नाही आणि एकदा विकली गेलेली प्रत वितरणात आलेली मानली जाते. प्रकाशकाने पुस्तक विकले, तेथे त्या विशिष्ट प्रतीवरील त्याचा ताबा संपला. कलाकृतींनाही हाच नियम आहे. पट, सोंगट्या, पत्ते आणि नियमांची पुस्तिका असलेला छापील बोर्ड गेम त्यामुळे पुस्तकाच्याच पंक्तीत बसतो. मुलांसाठी खेळण्यांची लायब्ररी काढून कोणी असे संच भाड्याने देत असेल, तर या कायद्याची त्यास आडकाठी नाही.

व्हिडिओ गेम मात्र संगणक आज्ञावलीच्या वर्गात मोडतो आणि आज्ञावलीसाठी त्याच कलमात वेगळी तरतूद आहे. ती तीन टप्प्यांत घडली. १९९४ च्या दुरुस्तीने आज्ञावलीची प्रत विकण्याचा किंवा भाड्याने देण्याचा हक्क मालकाकडे राखून ठेवला. ती प्रत पूर्वी विकली गेली असो वा नसो, असे शब्दही त्यात होते. १९९९ च्या दुरुस्तीने हे शब्द वगळले आणि साध्या भाड्याच्या जागी ‘व्यापारी तत्त्वावर भाड्याने देणे’ असा शब्दप्रयोग आणला. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स कराराशी कायदा जुळवून घेणे हा त्यामागील हेतू होता. विकसनशील देशांना त्या करारासाठी १ जानेवारी २००० पर्यंतची मुदत होती आणि ही दुरुस्ती १५ जानेवारी २००० रोजी अमलात आली. या व्यापारी भाड्यात काय मोडत नाही, हे मात्र २०१२ च्या दुरुस्तीनेच सांगितले. त्याकडे पुढे येऊ.

आता एका डिस्कचा प्रवास पाहू. उदाहरण काल्पनिक आहे. नाशिकमधील एका विद्यार्थ्याने अधिकृत विक्रेत्याकडून पाच हजार रुपयांना एका गेमची डिस्क घेतली, ती पूर्ण खेळली आणि वर्गमित्राला पंधरा दिवसांसाठी दिली. येथे कसलाही मोबदला नाही. त्यामुळे हे भाडे नव्हे आणि व्यापारी भाडे तर नव्हेच. कलम १४ ने मालकाला जे हक्क दिले आहेत, त्यांपैकी एकालाही येथे धक्का लागत नाही. वेष्टनावरील सूचनेने कायद्यात नसलेला हक्क कंपनीला मिळत नाही. खरेदी झाल्यावर वाचायला मिळणारी अशी ओळ करार म्हणून कितपत टिकेल, हा वेगळा वादाचा विषय आहे. फौजदारी गुन्ह्याशी त्याचा संबंध नाही.

चार मित्रांनी प्रत्येकी साडेबाराशे रुपये वर्गणी काढून एक डिस्क घेतली आणि ती आळीपाळीने खेळली, तरीही फरक पडत नाही. ती सामायिक मालकीची वस्तू झाली. पण त्याच विद्यार्थ्याने पुढे दहा डिस्क जमवून आठवड्याला दोनशे रुपये असा दर लावला, तर तो मित्र राहत नाही, दुकानदार होतो. त्यासाठी दुकानाचा फलक असण्याची आवश्यकता नाही.

मित्रांमधील व्यवहारात एकच खरी चूक वारंवार घडते आणि ती संगणकावर खेळल्या जाणाऱ्या जुन्या गेमच्या बाबतीत होते. डिस्कवरून गेम आपल्या संगणकात भरून घ्यायचा, डिस्क मित्राला द्यायची आणि दोघांनीही एकाच वेळी खेळायचे. कायद्याच्या कलम ५२ ने वैध मालकाला आज्ञावलीची राखीव प्रत काढण्याची मुभा दिली आहे. परंतु मूळ प्रत हरवली, नष्ट झाली किंवा खराब झाली, तर तिची उणीव भरून निघावी एवढ्यापुरतीच ती मुभा आहे. मूळ प्रत दुसऱ्याच्या घरी चालू असताना राखीव प्रतीवर आपण खेळणे या मुभेत बसत नाही. कन्सोलवर ही अडचण सहसा येत नाही, कारण गेम यंत्रात साठवला तरी तो सुरू करण्यासाठी डिस्क आत असावी लागते. देणाऱ्याला त्या काळात खेळता येत नाही. उसने देणे म्हणजे नेमके काय, याची याहून सोपी कसोटी नाही.

आता ती डिस्क दुकानात जाते. विद्यार्थ्याने ती दोन हजार रुपयांना एका दुकानदाराला विकली आणि दुकानदाराने ती दिवसाला शंभर रुपये भाड्याने द्यायला सुरुवात केली. वीस दिवसांत त्याची गुंतवणूक वसूल होते आणि पुढचे भाडे हा नफा. डिस्क अस्सल आहे, पैसे मोजून घेतली आहे आणि कोणतीही नक्कल झालेली नाही. तरीही गेमच्या हक्कधारकाची परवानगी नसेल, तर हा व्यवहार प्रताधिकाराचा भंग ठरतो. वस्तूची मालकी आणि ती भाड्याने देण्याचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुकानदारांचा नेमका येथेच गैरसमज होतो.

दिल्ली उच्च न्यायालयासमोर २००९ मध्ये निकाली निघालेले वॉर्नर ब्रदर्स विरुद्ध संतोष हे प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. ते गेमचे नव्हते, चित्रपटांच्या डीव्हीडींचे होते. चेन्नईतील एका व्यावसायिकाने अमेरिकेत विक्रीस आलेल्या अस्सल डीव्हीडी आणून त्या येथे भाड्याने देण्यास सुरुवात केली होती. आपण त्या रीतसर विकत घेतल्या आहेत, तेव्हा निर्मात्याचा त्यांवरील हक्क संपला, असा त्याचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो मान्य केला नाही आणि डीव्हीडी भाड्याने देण्यास मनाई केली. पुस्तकांबाबत जो युक्तिवाद टिकतो, तो चित्रपटांबाबत टिकत नाही, कारण कायद्याने दोहोंसाठी वेगळे शब्द वापरले आहेत, हा या निकालाचा गाभा आहे. चित्रपटांविषयीच्या तरतुदीत त्या वेळी ‘पूर्वी विकली गेली असो वा नसो’ हे शब्द कायम होते. २०१२ च्या दुरुस्तीने ते काढले आणि तेथेही व्यापारी भाड्याचीच भाषा आली. त्यामुळे गेमला आज्ञावली माना किंवा तीतील दृश्यांमुळे चित्रपटाच्या वर्गात टाका, परवान्याविना व्यापारी भाडे आज दोन्ही वाटांनी अडते.

यातून सुटण्यासाठी योजल्या जाणाऱ्या दोन युक्त्यांचा येथे उल्लेख करायला हवा. पहिली युक्ती म्हणजे ‘विक्री आणि फेरखरेदी’. दुकानदार तीन हजारांना डिस्क विकल्याची पावती देतो आणि दहा दिवसांत आणून दिल्यास अठ्ठावीसशेला परत घेण्याची हमी देतो. परत करण्याची मुदत आणि वजा होणारी रक्कम आधीच ठरलेली असेल, तर त्यास विक्री म्हणणे कठीण आहे. तीन हजार ही अनामत झाली आणि दोनशे हे भाडे. ग्राहकाने डिस्क आणलीच पाहिजे असे बंधन नसेल आणि दुकानदाराने त्या दिवशीचा भाव पाहून ती घेतली, तर तो जुन्या मालाचा साधा व्यवहार होय.

दुसरी युक्ती म्हणजे कन्सोल भाड्याने देणे आणि सोबत गेम ‘मोफत’ देणे. कायद्यात एक परंतुक आहे खरे. आज्ञावली ही भाड्याचा मुख्य विषय नसेल, तर भाड्याची अट लागू होत नाही. भाड्याच्या मोटारीत इंजिन चालवणारी आज्ञावली असते, म्हणून मोटारभाडे अडू नये, असा त्याचा उद्देश आहे. कन्सोलच्या पोटातील मूळ आज्ञावलीला हा आधार मिळू शकतो. पण ग्राहक ज्या गेमसाठी कन्सोल नेतो, तो गेमच मुख्य विषय नाही, असे न्यायालयाला पटवणे अवघड जाईल. गेमिंग पार्लरची गोष्ट निराळी आहे. तेथे प्रत ग्राहकाच्या हाती घरी जात नाही, त्यामुळे तो भाड्यापेक्षा सार्वजनिक वापराचा आणि कंपनीच्या अटींचा प्रश्न बनतो.

भंग सिद्ध झाला तर परिणाम काय होतात? हक्कधारक दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम, नुकसानभरपाई आणि नफ्याचा हिशेब मागू शकतो. जाणूनबुजून केलेल्या भंगासाठी कलम ६३ खाली किमान सहा महिने ते कमाल तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. व्यापारातील लाभासाठी कृत्य झालेले नसेल, तर न्यायालय कारणे नमूद करून शिक्षा कमी करू शकते. दुकानदाराला ही सवलत मिळण्याची शक्यता अर्थातच कमी. त्याने सुरक्षित मार्ग धरायचा, तर हक्कधारकाकडून लेखी परवाना घ्यावा लागतो. वितरकाने तोंडी ‘हरकत नाही’ म्हणणे पुरेसे नाही, कारण परवाना देण्याचा अधिकार वितरकाकडे आहे की केवळ विक्रीचा, हे कागदावरूनच कळते.

हाच दुकानदार अमेरिकेत असता, तर त्याला परवानगी लागली नसती, ही गोष्ट वाचकांना नवलाची वाटेल. तेथे १९९० मध्ये संगणक आज्ञावली नफ्यासाठी भाड्याने देण्यास बंदी घालणारा कायदा झाला. फ्लॉपी भाड्याने न्यायची, रात्रीतून नक्कल काढायची आणि सकाळी परत करायची, हा त्या काळातील राजरोस प्रकार होता. सॉफ्टवेअर कंपन्यांची तक्रार त्याविरुद्ध होती. परंतु केवळ व्हिडिओ गेम खेळण्यासाठी बनवलेल्या यंत्रावरील गेम त्या कायद्याने बंदीतून वगळले. कार्ट्रिजची नक्कल सामान्य ग्राहकाला घरी काढता येत नव्हती, म्हणजे बंदीचे कारणच तेथे लागू नव्हते. निंटेंडो कंपनीचा गेम भाड्याने देण्याला विरोध होता. १९८९ मध्ये तिने ब्लॉकबस्टर या दुकानसाखळीवर दावा लावला, तोही गेम भाड्याने दिल्याबद्दल नव्हे, तर सोबतच्या माहितीपुस्तिकेच्या छायाप्रती काढल्याबद्दल.

भारतीय कायद्याने ट्रिप्सची भाषा घेतली, पण हा भेद घेतला नाही. आजच्या कन्सोलच्या डिस्कची नक्कलही घरी काढता येत नाही, हे लक्षात घेता आपला नियम ज्या रोगावर योजला होता, तो रोग नसलेल्या ठिकाणीही लागू झाला आहे, असे म्हणावे लागते. कंपन्यांची बाजूही अगदीच पोकळ नाही. एकट्याने खेळायची दहा-बारा तासांची कथा दोन दिवसांच्या भाड्यात संपते आणि त्या ग्राहकाला विक्री होण्याची शक्यता मावळते. परंतु हा युक्तिवाद नकलेचा नाही, बाजारपेठेचा आहे आणि कादंबरीचा प्रकाशकही तो तितक्याच हक्काने करू शकेल.

उरतो तिसरा हात, ग्रंथालयाचा. २०१२ च्या दुरुस्तीने कायद्यात व्यापारी भाड्याची जी व्याख्या घातली, ती मोठी विलक्षण आहे. व्यापारी भाडे म्हणजे काय, हे ती सांगतच नाही. व्यापारी भाडे काय नाही, एवढेच सांगते. ना-नफा ग्रंथालयाने किंवा ना-नफा शैक्षणिक संस्थेने कायदेशीररीत्या मिळवलेली आज्ञावली, ध्वनिमुद्रण किंवा चित्रपट यांची प्रत नफ्याचा हेतू न ठेवता भाड्याने, भाडेपट्ट्याने किंवा उसनी दिली, तर ते व्यापारी भाडे नव्हे. अशी संस्था कोणती, याचेही स्पष्टीकरण दिले आहे. जिला शासनाचे अनुदान मिळते किंवा जिला आयकर कायद्याखाली करमाफी आहे, ती.

महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर या एका वाक्याचा आवाका फार मोठा आहे. राज्याच्या १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अ, ब, क, ड वर्गांतील हजारो ग्रंथालयांना शासनाचे अनुदान मिळते. स्पष्टीकरणातील पहिली अट ती आपोआप पूर्ण करतात. आपल्या उदाहरणातील डिस्क दुकानदाराऐवजी अशा ग्रंथालयाला देणगी म्हणून मिळाली असती, तर ते ती सभासदांना निर्वेधपणे देऊ शकले असते. हाच आधार अनुदानित शाळांनाही आहे. सभासद वर्गणी किंवा उशिराचा दंड घेतल्याने हा आधार जात नाही, असे व्याख्येच्या शब्दांवरून दिसते, कारण तीत भाड्यालाही जागा आहे. अट नफ्याचा हेतू नसावा एवढीच.

गृहनिर्माण सोसायटीच्या वाचनालयाची स्थिती मात्र अधांतरी आहे. त्यास अनुदान नसते आणि बहुधा करमाफीही नसते. डिस्क विनामूल्य दिल्यास प्रश्न नाही, ती मैत्रीचीच उसनवारी झाली. पण महिना शंभर रुपये घेऊन ते पैसे नव्या डिस्कवर खर्च केले, तर ते व्यापारी भाडे म्हणावे की नाही, यावर व्याख्या मौन बाळगते.

कायद्याने दिलेली ही मुभा वापरता येईल की नाही, हे आता अधिकाधिक यंत्र ठरवू लागले आहे. ६ जून २०१३ रोजी मायक्रोसॉफ्टने आपल्या येऊ घातलेल्या एक्सबॉक्स वन कन्सोलचे नियम जाहीर केले. डिस्कवरील गेम मित्राला देता येईल, पण तो मित्र किमान तीस दिवस आपल्या यादीत असला पाहिजे आणि प्रत्येक गेम एकदाच देता येईल. उसने किंवा भाड्याने देण्याची सोय सुरुवातीला असणार नाही. शिवाय कन्सोलला चोवीस तासांत एकदा इंटरनेटशी जोडणे भाग होते. ग्राहकांनी इतका विरोध केला की १९ जूनला कंपनीने हे नियम मागे घेतले. त्या तेरा दिवसांत कोणत्याही देशाचा कायदा बदलला नव्हता.

जे तेव्हा एका घोषणेत जमले नाही, ते पुढे वेगळ्या मार्गाने येत आहे. डिस्क घालण्याची सोयच नसलेले कन्सोल बाजारात आहेत. जून २०२५ मध्ये अनेक देशांत आलेल्या निंटेंडोच्या स्विच २ सोबत ‘गेम-की कार्ड’ हा प्रकार आला. हे कार्ड नेहमीच्या कार्डासारखेच दिसते, पण त्यात गेम नसतो, असते ती केवळ किल्ली. कार्ड घातल्यावर गेम इंटरनेटवरून उतरवून घ्यावा लागतो आणि नंतर खेळताना कार्ड आत ठेवावे लागते. ते मित्राला देता येते, विकताही येते. पण घेणाऱ्याकडे वेगवान जोडणी आणि यंत्रात पुरेशी मोकळी जागा हवी. कंपनीने उद्या तो गेम उतरवण्याची सोय बंद केली, तर ज्या यंत्रात तो आधी उतरवलेला नाही, तेथे कार्ड निरुपयोगी ठरेल.

देणगीत आलेला गेम दाखल नोंदवहीत घेण्यापूर्वी ग्रंथपालाने म्हणूनच तीन गोष्टी तपासाव्यात. डिस्क किंवा कार्ड अस्सल आहे काय? हाताने नाव लिहिलेली कोरी तबकडी ‘कायदेशीररीत्या मिळवलेली प्रत’ ठरत नाही आणि तेथे कायद्याचा सारा आधार गळून पडतो. वेष्टनावर इंटरनेटवरून गेम उतरवून घेण्याची अट छापली आहे काय? असल्यास सभासदाला ती आधी सांगावी. आणि आत सांकेतिक क्रमांकाचा कागद आहे काय? संगणकावरील गेममध्ये तो क्रमांक पहिल्या खेळाडूच्या खात्याशी कायमचा जोडला जातो. देणगीदाराने तो वापरलेला असेल, तर ग्रंथालयाच्या हाती केवळ रिकामी पेटी येते आणि कायद्याने ती कितीही सभासदांना देण्यास मोकळीक असली, तरी त्यांपैकी कोणालाही तो खेळ खेळता येत नाही.